शूटिंगच्या आधी फोनमधून शॉट बघताना

शूटिंगची जागा आधी बघायला, म्हणजे रेकीला गेलं की सगळेच फोनवर फोटो काढतात. घर, जिना, खिडकी, अंगण, सगळ्याचे ढीगभर फोटो निघतात. मग शूटिंगच्या दिवशी खरा कॅमेरा लागतो आणि त्या फोटोतली फ्रेम काही केल्या मिळत नाही. फोटोत पडवी चांगली लांबरुंद होती, कॅमेऱ्यातून बघावं तर दोन माणसंही नीट बसत नाहीत. मागे सरकायला जावं तर मागे भिंत. अशा वेळी युनिट ताटकळतं, ऊन उतरत जातं आणि ठरवलेल्या शॉटच्या जागी हाताला लागेल तो शॉट घेतला जातो.

खरं तर हाच फोन शूटिंगच्या आधी जवळपास अचूक सांगू शकतो की कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणती लेन्स लागेल आणि कॅमेरा हलला तर पडद्यावर काय घडेल. फक्त फोन कोणत्या बाबतीत खरं सांगतो आणि कोणत्या बाबतीत फसवतो, हे नेमकं माहीत हवं. कोकणातल्या एका घरातला एक प्रसंग घेऊन ते बघू. प्रसंग कल्पित आहे, पण असं घर तुम्ही पाहिलेलं असणार.

मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येते. वडील पडवीत झोपाळ्यावर बसलेत, आपल्याकडे पाठ करून, तोंड अंगणाकडे. समोर बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून मुलगी आत येते, अंगण ओलांडते आणि तुळशी वृंदावनाशी थबकते. घर पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि वेळ संध्याकाळची. पडवी 8 फूट खोल. झोपाळा पडवीच्या बाहेरच्या कडेपासून 3 फूट आत, म्हणजे मागच्या भिंतीपासून 5 फुटांवर. वृंदावन कडेपासून 9 फुटांवर आणि बेडं 22 फुटांवर. पडवीच्या कडेला दर 6 फुटांवर एक लाकडी खांब, जाडी 6 इंच.

फोन नेमकं काय खरं सांगतो

एखादी वस्तू दुसरीच्या तुलनेत किती मोठी दिसते, कोण कुणाच्या आड जातं, मागचं जवळ वाटतं की लांब, हे सगळं फक्त एका गोष्टीवर ठरतं: लेन्स कुठे आहे. ती लेन्स फोनची आहे की लाखो रुपयांच्या सिनेमा कॅमेऱ्याची, याने त्यात काही फरक पडत नाही. लेन्सची मिमीत मोजली जाणारी फोकल लेंथ बदलली की त्या दृश्याचा कमी किंवा जास्त भाग फ्रेममध्ये येतो, पण दृश्याची आतली मांडणी तीच राहते. म्हणून फोनची लेन्स खऱ्या लेन्सच्या जागी धरली आणि फोनवरची फ्रेम खऱ्या लेन्सइतकीच अरुंद केली, तर जे दिसतं तो तुमचा शॉट असतो. पुढचं सगळं या एका वाक्याच्या दोन अटी पाळण्याबद्दल आहे. जागा तीच हवी आणि रुंदी तेवढीच हवी.

आधी रुंदीचं बघू. कोणत्याही कॅमेऱ्यासाठी हिशेब एकच:

```
दिसणारी रुंदी = अंतर × सेन्सरची रुंदी ÷ फोकल लेंथ
```

आपण सुपर 35 जातीच्या कॅमेऱ्यावर शूट करणार आहोत असं धरू. त्याच्या सेन्सरची रुंदी साधारण 24 मिमी. त्यावर 35 मिमीची लेन्स लावली तर 10 फुटांवर 10 × 24 ÷ 35, म्हणजे जेमतेम 7 फूट रुंदीचं दृश्य येईल. 50 मिमीची लावली तर 4.8 फूट. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर 24 च्या जागी 36 घ्यायचं. काही कॅमेरे ठरावीक रेझोल्यूशनला किंवा स्लो मोशनमध्ये सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, तेव्हा रुंदी आणखी कमी होते. त्यामुळे छायाचित्रण सांभाळणारा डीओपी कोणत्या मोडमध्ये शूट करणार आहे, हे रेकीच्या आधी त्याला विचारून घ्या.

आता फोन किती रुंद बघतो, ते. जाहिरातीत 24 मिमी किंवा 26 मिमी असा आकडा असतो, पण त्यावर विसंबू नका. तो आकडा फोटोसाठी असतो. व्हिडिओत फ्रेम वरून-खालून कापली जाते, आणि स्टॅबिलायझेशन चालू असेल तर चारही बाजूंनी आणखी कापली जाते. त्यापेक्षा घरीच मोजा. भिंतीवर आडवी मेजरिंग टेप चिकटवा, तिच्याच उंचीवर, बरोबर समोर, 10 फुटांवर फोन धरा. रेकीला जो व्हिडिओ मोड आणि जी सेटिंग वापरणार तीच ठेवा आणि फ्रेममध्ये टेपचे किती फूट दिसतात ते वाचा. समजा 12 फूट दिसले. 35 मिमीच्या लेन्सला 6.9 फूट दिसायला हवेत. 12 भागिले 6.9, म्हणजे साधारण पावणेदोन. फोन 1.75x वर ठेवला की 35 मिमीची फ्रेम मिळाली. 50 मिमीसाठी अडीच पट. 24 मिमीसाठी 1.2 पट. 18 मिमीची लेन्स मात्र 10 फुटांवर 13 फुटांपेक्षा जास्त बघते, ते मुख्य कॅमेऱ्याला जमत नाही. तिथे अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जावं लागतं आणि त्याची मोजणी वेगळी करावी लागते. हे चार आकडे फोनच्या कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवले की काम झालं.

आर्टेमिस आणि कॅड्राज ही व्ह्यूफाइंडर ॲप्स हाच हिशेब आपोआप करतात. कॅमेरा आणि लेन्स निवडली की तेवढी चौकट आखून देतात, आणि रोज हेच काम असेल तर ती घेण्यासारखी आहेत. पण त्यांनाही भिंतीवरच्या टेपची परीक्षा एकदा द्यायला लावाच. फोनच्या मॉडेलप्रमाणे थोडी दुरुस्ती करावी लागू शकते.

एक खबरदारी. बरेच फोन झूम करताना किंवा एखादी वस्तू जवळ आली की आपल्याच मनाने एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारतात. शॉट चालू असताना फ्रेम किंचित हिसका खाते आणि रंगही बदलतो, ती हीच उडी. ब्लॅकमॅजिक कॅमेरा या फुकट ॲपमध्ये फोनची कोणती लेन्स वापरायची ते आपल्याला निवडता येतं, शिवाय एक्स्पोजर आणि फ्रेम रेटही हाताने ठरवता येतो. ते नको असेल तर सरळ 1x वर शूट करा आणि नंतर एडिटमध्ये तेवढ्या पटीने कापून घ्या. परिणाम तोच.

भिंतीला टेकलेला फोन

दुसरी अट जागेची, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात.

आपला पहिला शॉट असा: कॅमेरा वडिलांच्या मागे, फ्रेमच्या एका बाजूला त्यांची पाठ आणि खांदे, आणि दूर बेड्यातून आत येणारी मुलगी. फोन घेऊन तुम्ही पडवीच्या मागच्या भिंतीला पाठ लावता, मग आणखी थोडी जागा मिळावी म्हणून फोनच भिंतीला टेकवता. फोनपासून वडिलांचा खांदा आता 5 फुटांवर. 35 मिमीच्या फ्रेमची तिथली रुंदी 3.4 फूट आणि खांद्यांची रुंदी दीड फूट, म्हणजे वडील फ्रेमचा निम्म्याहून थोडा कमी भाग घेतात. छान दिसतं. फोटो काढला, जागा पक्की केली.

पण खरी लेन्स तिथे येऊच शकत नाही. लेन्सच्या मागे कॅमेऱ्याची बॉडी आहे, बॅटरी आहे, ट्रायपॉडचा मागचा पाय आहे आणि कॅमेऱ्याला डोळा लावून उभा असलेला माणूस आहे. छोटा कॅमेरा धरला तरी या सगळ्याला अडीच फूट लागतात, मोठा असेल तर त्याहून जास्त. म्हणजे खरी लेन्स खांद्यापासून अडीच फुटांवरच येणार. तिथे 35 मिमीच्या फ्रेमची रुंदी 1.7 फूट. दीड फुटाच्या खांद्यांनी सगळी फ्रेम व्यापून टाकली आणि मुलीला यायला जागाच उरली नाही.

म्हणून फोन कधीही भिंतीला, कोपऱ्याला किंवा छताला टेकवू नये. फोन धरून उभं राहताना आपली पाठ भिंतीला लागली असेल आणि हात सैल पुढे असतील, तर फोन आणि भिंत यांच्यात आपोआप दीडदोन फूट राहतात. छोट्या कॅमेऱ्यासाठीही त्यात आणखी अर्धा-एक फूट मिळवा आणि शंका असेल तिथे टेप लावून मोजा. उंचीलाही हाच न्याय. फोन जमिनीवर आडवा ठेवून मिळालेली फ्रेम खऱ्या कॅमेऱ्याला मिळत नाही, कारण नेहमीचा ट्रायपॉड एवढा खाली जात नाही. हाय-हॅट या बुटक्या स्टँडवर लावला तरी लेन्सचा मध्य जमिनीपासून काही इंच वरच राहतो.

आपल्या घरात सुटका अशी आहे की झोपाळ्याच्या बरोबर मागे माजघराचं दार येतं. कॅमेरा उंबऱ्याच्या आत न्यायचा, लेन्स दारापासून 2 फूट मागे. दाराची चौकट फ्रेममध्ये घुसेल का? 35 मिमीला 2 फुटांवर फक्त 1.4 फूट दिसतात आणि दार 3 फूट रुंद आहे, तेव्हा चौकट कुठेच आड येत नाही. आता लेन्सपासून वडील 7 फुटांवर.

इथे लेन्सची निवड करायची आहे, आणि ही निवड गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. 7 फुटांवरून 50 मिमीची लेन्स लावली तर वडील फ्रेममध्ये तेवढेच मोठे दिसतात जेवढे 5 फुटांवरून 35 मिमीने दिसत होते. 7 × 24 ÷ 50 केलं तर 3.4 फूटच येतात. पण मुलीचं काय होतं? पहिल्या जागेवरून ती लेन्सपासून 30 फुटांवर होती. तिथे 35 मिमीच्या फ्रेमची उंची साडेअकरा फूट, मुलगी सव्वापाच फूट, म्हणजे ती फ्रेमच्या उंचीच्या निम्म्याहूनही कमी. दुसऱ्या जागेवरून ती 32 फुटांवर, म्हणजे आणखी लांब. तरी 50 मिमीच्या फ्रेमची तिथली उंची साडेआठ फुटांच्या आसपास, त्यामुळे मुलगी फ्रेमच्या साठ टक्के भरते. वडील तेवढेच आणि मुलगी मोठी झाली. मधलं अंगण आक्रसलं.

आता दिग्दर्शकाने ठरवायचं. बाप-लेकीत पडलेलं अंतर पहिल्याच क्षणी जाणवायला हवं असेल तर अंगण लांब दिसणारी 35 मिमीची फ्रेम बरी, पण ती त्या पडवीत कॅमेऱ्याला मिळत नाही. 7 फुटांवरून 35 मिमी लावली तर वडील लहान होतात, फ्रेमचा जेमतेम एक तृतीयांश. मला स्वतःला या प्रसंगात तेच आवडेल. झोपाळ्याच्या कड्या आणि पडवीचा अंधार आजूबाजूला राहतो, आणि वडील त्या घरात एकटे वाटतात. दुसऱ्या कुणाला 50 मिमीची जवळीक योग्य वाटेल. महत्त्वाचं हे की हा वाद रेकीलाच, फोनवर दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी बघून मिटवता येतो, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात.

हे बघताना झोपाळ्यावर खरोखर कुणालातरी बसवा आणि बेड्यात मुलीच्या उंचीच्या कुणालातरी उभं करा. रिकाम्या जागेचा फोटो फारसं काही सांगत नाही. माणूस बसला की लगेच कळतं की फोन बरोबर पाठीमागे धरला तर वडिलांचं डोकं मुलीला पूर्ण झाकतं. लेन्स एका बाजूला अर्धा-पाऊण फूट सरकवावी लागते, आणि मग दाराची एक बाजू जवळ येते. अशा गोष्टी माणसं उभी केल्याशिवाय ध्यानात येत नाहीत.

कॅमेरा चालायला लागला की

दुसरा शॉट हलता आहे. मुलगी वृंदावनाशी थांबली आहे. कॅमेरा पडवीत, झोपाळ्याच्या पलीकडच्या भागात, ट्रॉलीवर. खांबांच्या आतून तो तिच्याकडे बघत बाजूने सरकतो. लेन्सपासून खांब 3 फुटांवर आणि मुलगी 12 फुटांवर. 6 फुटांचं अंतर 12 सेकंदांत कापायचं, म्हणजे सेकंदाला 6 इंच.

हा शॉट फोनवर बघायला जमिनीवर टेप अंथरा, दर फुटाला खडूची खूण करा आणि एकाला घड्याळ बघून मोठ्याने सेकंद मोजायला सांगा. त्या लयीत तुम्ही सरका. घड्याळाशिवाय केलं तर हमखास घाई होते. माणूस साधं चालताना सेकंदाला चार फुटांच्या आसपास जातो आणि मुद्दाम हळू चाललं तरी दोन फूट होतात. फोनवर झकास वाटलेली चाल मग ट्रॉलीवर कंटाळवाणी वाटते, कारण फोनवर ती चौपट वेगाने बघितलेली असते. फोन दोन्ही हातांत, कोपरं बरगडीला लावलेली, गुडघे किंचित वाकलेले, आणि पावलं आडवी टाकायची. थोडं हललं तरी चालेल. आपल्याला सुंदर व्हिडिओ नको, माहिती हवी आहे. म्हणूनच स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. ते फ्रेम कापतं आणि चालीची सुरुवात आणि शेवट गुळगुळीत करून दाखवतं. खऱ्या ट्रॉलीला सुटायला आणि थांबायला जो वेळ लागतो, तो त्यात लपून जातो.

आता 3 फुटांवरचा खांब काय करतो ते बघा. 35 मिमीला तिथे फक्त 2 फूट दिसतात, त्यात 6 इंचांचा खांब म्हणजे फ्रेमचा पाव भाग. कॅमेरा फूटभर सरकला की खांब अर्धी फ्रेम ओलांडतो, आणि 12 फुटांवरची मुलगी तेवढ्याच वेळात फ्रेमच्या जेमतेम आठव्या भागाइतकी सरकते. जवळचं झपाट्याने आणि लांबचं सावकाश, या फरकामुळेच ट्रॉली शॉटमध्ये खोली जाणवते. पडवीत खांब नसते तर हा शॉट मला घ्यावासाच वाटला नसता.

पण खांब मुलीच्या चेहऱ्यावरूनही जाणार. किती वेळ? आपल्या वेगाने खांब फ्रेममध्ये शिरून बाहेर पडायला साधारण 5 सेकंद घेतो. त्यातला सुमारे दीड सेकंद चेहरा झाकलेला असतो, आणि मधला एक सेकंद तर पूर्ण. मुलीच्या तोंडी एकच वाक्य असेल आणि ते नेमकं त्या दीड सेकंदात आलं, तर प्रेक्षकाला ते दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. कदाचित तेच हवं असेल: वाक्याआधी चेहरा झाकला जावा आणि खांब सरकल्यावर ती बोलून गप्प झालेली दिसावी. नको असेल तर तीन वाटा आहेत. ट्रॉलीची सुरुवात फूटभर अलीकडे घ्या, वाक्य उशिरा बोलायला सांगा, किंवा मुलीला वृंदावनाच्या दुसऱ्या बाजूला थांबवा. लेन्स बदलून मात्र काही होत नाही. 50 मिमी लावली तर खांब फ्रेममध्ये जाड दिसेल, पण चेहरा तितकाच वेळ झाकला जाईल. कोण कुणाच्या आड येतं हे फक्त जागेवर ठरतं, लेन्सवर नाही.

या शॉटचा व्हिडिओ जमला नाही तरी बिघडत नाही. दर फुटावर थांबून एकेक फोटो घ्या, सात फोटो होतील. ते एडिटिंगच्या ॲपमध्ये प्रत्येकी 2 सेकंद ठेवा आणि वर संवाद रेकॉर्ड करून टाका. पहिला आणि शेवटचा फोटो एकेक सेकंद ठेवला की बरोबर 12 सेकंद भरतात. हालचाल तुटक दिसेल, पण खांब कोणत्या शब्दाला येतो ते स्पष्ट कळेल. उत्साहाने काढलेल्या डगमगत्या व्हिडिओपेक्षा हे सात फोटो मला जास्त विश्वासाचे वाटतात, कारण त्यात प्रत्येक फोटोची जागा टेपवर मोजलेली असते.

शॉटमध्ये कॅमेरा जागेवरून फिरवायचा असेल, म्हणजे पॅन असेल, तर फोनचा फ्रेम रेट तपासा. बहुतेक फोन सेकंदाला 30 फ्रेमवर असतात, सिनेमा 24 वर चालतो. 24 ला झपकन केलेली पॅन पडद्यावर धडधडते, फोनच्या छोट्या स्क्रीनवर तेवढं जाणवत नाही. एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे 7 सेकंद लागावेत, असा कॅमेरावाल्यांचा जुना ठोकताळा आहे. दृश्य निवांत असेल तेव्हा तो पाळावा.

फोन जिथे फसवतो

पहिली फसवणूक फोकसची. फोनचा सेन्सर इतका लहान असतो की 7 फुटांवरचे वडील आणि 32 फुटांवरची मुलगी दोघंही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात. खऱ्या कॅमेऱ्यावर 50 मिमी आणि f/2.8 लावलं की वडिलांवर फोकस असताना मुलगी म्हणजे एक धूसर आकृती. दोघांनाही स्वच्छ ठेवायचं तर लेन्सचं छिद्र f/16 च्याही पुढे बंद करावं लागेल, आणि संध्याकाळी पडवीत तेवढा प्रकाश कुठून आणणार? म्हणजे फोनवर आवडलेली फ्रेम, जिच्यात दोघांचेही भाव एकाच वेळी वाचता येत होते, ती तशी होणारच नाही. फोकस वडिलांवर ठेवायचा, मुलीवर ठेवायचा, की शॉटच्या मध्ये एकावरून दुसरीवर न्यायचा, आणि न्यायचा तर कोणत्या क्षणी, हे रेकीला कागदावर ठरवावं लागतं. पोर्ट्रेट किंवा सिनेमॅटिक मोडने फोन जो धूसरपणा आणतो तो हिशेबाने रंगवलेला असतो. तुमच्या लेन्सचा धूसरपणा किती असेल ते त्यावरून कळत नाही.

दुसरी फसवणूक उजेडाची. पडवी काळोखी आणि अंगण लख्ख. फोन अनेक एक्स्पोजर एकत्र करून दोन्ही दाखवतो, आणि वाटतं की लाइट न लावताही चालेल. एचडीआर बंद करा, एक्स्पोजर अंगणावर लॉक करा आणि मग बघा. वडील जवळजवळ काळी आकृती झालेले दिसतील. खरा सिनेमा कॅमेरा यापेक्षा बराच सावरून घेतो, तरी पडवीत किती प्रकाश घालावा लागेल याचा विचार या चित्रावरून करा, एचडीआरच्या चित्रावरून नको.

तिसरी गोष्ट सूर्याची. हा फोनचा दोष नाही, तारखेचा आहे. घर पश्चिमेकडे, पण थोडं दक्षिणेला कलून तोंड करून आहे आणि मुलगी मावळत्या उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन येते. डिसेंबरअखेर रेकी केलीत तेव्हा सूर्य बरोबर बेड्याच्या वर मावळत होता, आणि ते बघूनच शॉट सुचला. शूटिंग एप्रिलच्या मध्यावर आहे. कोकणात डिसेंबरअखेर सूर्य पश्चिमेच्या सुमारे 24 अंश दक्षिणेला मावळतो आणि एप्रिलच्या मध्यावर सुमारे 10 अंश उत्तरेला. म्हणजे जवळपास 35 अंशांचा फरक. 35 मिमीची फ्रेम आडवी साधारण 38 अंश बघते. फ्रेमच्या मधोमध असलेला सूर्य एप्रिलमध्ये फ्रेमच्या बाहेर, उजवीकडे जाऊन मावळणार. सन सीकर किंवा सन सर्व्हेयरसारखं ॲप उघडून त्यात शूटिंगची तारीख टाकली की फोनच्या कॅमेऱ्यावरच त्या दिवसाची सूर्याची वाट आखून दिसते. हे करताना फोन लोखंडी ग्रिलपासून आणि गाडीपासून लांब धरा. होकायंत्र बिघडतं आणि वाट काही अंशांनी चुकीची दिसते. शंका आली तर त्या वेळी सूर्य खरोखर जिथे आहे तिथेच ॲप दाखवतंय का, ते पडताळून बघा.

युनिटच्या हातात काय द्यायचं

नुसता फोटो पाठवला तर ती जागा पुन्हा सापडत नाही. लेन्सची जागा दोन पक्क्या ठिकाणांपासून मोजा. पहिल्या शॉटसाठी दाराच्या डाव्या चौकटीपासून आणि उजव्या चौकटीपासून लेन्सपर्यंतची दोन अंतरं पुरतात, कारण दोन्ही अंतरं जुळतील अशी दाराच्या आत एकच जागा असते. तिसरा आकडा लेन्सच्या मध्याची जमिनीपासूनची उंची, चौथा फोकल लेंथ. हे चार आकडे फोटोवरच लिहून ठेवा. वडिलांची बसायची जागा आणि मुलीची थांबायची जागाही तशीच मोजा, नाहीतर कॅमेरा बरोबर जागेवर असेल आणि माणसं चुकीच्या. झोपाळा आहे म्हणून हेही ठरवा की शॉटमध्ये तो स्थिर आहे की हलतोय. हलत असेल तर तो किती मागे येतो, ते झोपाळा प्रत्यक्ष हलवून मोजा. 7 फुटांवरचे वडील मागे आल्यावर साडेपाच फुटांवर येत असतील तर शॉट चालू असताना फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला हे आधीच कळायला हवं.

ट्रॉलीच्या शॉटला आणखी एक हिशेब आहे. ट्रॉली स्वतः साधारण 3 फूट लांब असते आणि तेवढा ट्रॅक तिच्या पायाखालीच जातो. 8 फुटांच्या एका तुकड्यावर कॅमेरा 5 फूटच सरकतो. आपल्याला 6 फूट हवेत, शिवाय सुटायला आणि थांबायला थोडी जागा हवी. म्हणून 8 आणि 4 फुटांचे दोन तुकडे मागवा, मिळून 12 फूट. ट्रॅकची रुंदी साधारण 2 फूट, लेन्स खांबापासून 3 फूट आत, पडवी 8 फूट, म्हणजे लेन्सच्या मागे 5 फूट उरतात. ट्रॉली ढकलणारा आणि फोकस पुलर तेवढ्यात मावतात. पण पडवीच्या त्या भागात भिंतीला लागून बाकडं, भाताची कणगी किंवा सायकल असेल तर मावणार नाहीत. घरच्या लोकांना ते सामान हलवायला चालेल का, हे रेकीच्या दिवशीच विचारून घ्या. शेणाने सारवलेली जमीन असेल तर ट्रॅकखाली फळ्या आणि पाचरा लागतील, त्याही यादीत लिहा.